जिथे हायवे संपतो, तिथली एक एकर

दिवसाला १,००० हून अधिक ट्रक, प्रत्येकी १८ ते ३० टनांचे. हजीऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात २०२२ साली पोलादाच्या मळीपासून, म्हणजे स्लॅगपासून, देशातला पहिला रस्ता बांधला गेला, तेव्हा केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने त्यावरच्या वर्दळीचा हा आकडा दिला होता. रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा आणि सहापदरी. पूर्वी या भागातले रस्ते वजनाने खचायचे, म्हणून हा प्रयोग झाला.

ज्याची जमीन अशा रस्त्याला लागून आहे, त्याच्या डोक्यात तो आकडा ऐकताच एक गुणाकार सुरू होतो. हजार ट्रक, दोन-दोन माणसं, दोन-दोन चहा, दहा-दहा रुपये. चाळीस हजार रुपये रोज! गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकलेला आहे. कुठे चुकला ते पाहायचं तर आधी हजीऱ्याचा रस्ता इतर हायवेंपेक्षा वेगळा का, ते समजून घ्यावं लागतं.

राष्ट्रीय महामार्ग ५३ आपल्याकडच्या माणसांच्या चांगला ओळखीचा आहे. हाच तो जुना सहा नंबर. नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा करत तो छत्तीसगडमधून ओडिशात उतरतो. सुरतेच्या उधना-लिंबायतमधली खानदेशी घरं सुट्टीत गावाला जातात तीही याच रस्त्याने. याचं पश्चिमेचं टोक म्हणजे हजीरा. त्यापुढे तापीचं मुख आणि खंभातचं आखात. धुळ्याजवळच्या ढाब्यासमोरून जाणारा ट्रक पुढे कुठेतरी निघालेला असतो. त्याला थांबवावं लागतं. हजीऱ्याला आलेला ट्रक पोचलेला असतो. पोलाद कारखाना, क्रिभको, बंदर, एलएनजी टर्मिनल, यांपैकी कुठल्या तरी फाटकापाशी त्याचा नंबर लागायचा असतो. तो थांबलेलाच आहे. त्याला उभं राहायला जागा नाही, एवढीच त्याची अडचण.

म्हणून इथे विकायची वस्तू चहा नाही. विकायचे आहेत ते उभं राहण्याचे तास. चहा, जेवण, आंघोळ, पंक्चर हे सगळं त्या तासांना चिकटून येतं.

हे नुसतं म्हणण्यापेक्षा टपरीचा हिशेब मांडून बघू. दर मी धरलेले आहेत, तुमच्याकडचे घालून बघा. दिवसाला ३०० कटिंग, दहा रुपयांना एक, गल्ल्यात ३,००० रुपये. लिटरभर दुधात पाणी घालून उकळल्यावर साधारण वीस कप निघतात, म्हणजे १५ लिटर दूध, ६० रुपयांनी ९००. पाऊण किलो चहापत्ती ३००, दोन किलो साखर ९०, व्यावसायिक सिलिंडरचा रोजचा वाटा २५०, कागदी कप १२०, आलं-पुदिना आणि सुरतेत जिला ‘लीली चा’ म्हणतात ती गवती चहाची पात ६०. एक भट्टीवर आणि एक गिऱ्हाइकांत अशी दोन माणसं, सहाशे रुपये रोजाने १,२००. बेरीज २,९२० होते. उरले ८० रुपये.

मालक स्वतः भट्टीपुढे बसला तर सहाशे वाचतात. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, वेफर्स यांवर आणखी काही सुटतं. टपरी चालते ती याच जोरावर आणि चालवणाऱ्याचं घरही चालतं. पण ज्याची एकरभर जमीन आहे त्याच्यासाठी हा धंदा म्हणजे हत्ती बांधायच्या जागी शेळी बांधणं. त्याने टपरी दुसऱ्याला भाड्याने द्यावी आणि आपण जागेकडे बघावं.

आता जागा. हिशेबासाठी एक तुकडा धरू: रस्त्याला ५० मीटर तोंड, आत ८० मीटर खोली, म्हणजे ४,००० चौरस मीटर. एकरात ४,०४७ बसतात, तेव्हा एकरच म्हणा. (सुरतेकडे व्यवहार विंघ्यांत बोलतात आणि विंघं सौराष्ट्रात वेगळं, दक्षिण गुजरातेत वेगळं, सातबाराच्या उताऱ्यावरच्या चौरस मीटरवरच विश्वास ठेवावा.)

एवढ्या जागेत किती गाड्या राहतील? मोठ्यात मोठा ट्रेलर पावणेएकोणीस मीटर लांब आणि दोन मीटर साठ सेंटिमीटर रुंद. दार उघडायला आणि आरसे वाचवायला जागा धरली की चार मीटरची रांग लागते. उभं राहायला ७५ चौरस मीटर झाले. पण ट्रेलर काही हातगाडीसारखा उचलून ठेवता येत नाही. वळायला, मागे घ्यायला, दुसऱ्याला न घासता बाहेर पडायला त्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवावी लागते. एका ट्रेलरमागे एकूण २२५ धरा. दहाचाकी गाडीची लांबी जास्तीत जास्त बारा मीटर, तिला १३० पुरतात.

चार हजारांतून चहाची शेड, संडास-बाथरूम, चौकीदाराची खोली, झाडं, कोपऱ्यातली अडचण अशी ८०० वजा केली की ३,२०० उरले. त्यात ८ ट्रेलर आणि १० दहाचाकी, एवढ्याच गाड्या नीट बसतात. एका वेळी अठरा. पहिल्यांदा कागदावर काढणारा माणूस इथे चाळीस गाड्या काढतो. त्याने चौकोनाशेजारी चौकोन आखलेले असतात आणि मधली गाडी सुटायची कशी हा प्रश्न चौकीदारावर सोडलेला असतो. पहाटे तीनला मागच्या गाडीचा नंबर लागला आणि पुढच्या तीन ड्रायव्हरांना झोपेतून उठवावं लागलं, की तो मागचा ड्रायव्हर पुन्हा तुमच्या आवारात येत नाही.

अठरा जागांमधून रोज किती गाड्या जातील हे गाडी किती वेळ उभी राहते यावर ठरतं. दिवसात ६० गाड्या आल्या आणि सरासरी सहा तास थांबल्या, तर तासाला अडीच गाड्या गुणिले सहा, म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण १५ गाड्या आत उभ्या असतात. अठरातल्या पंधरा भरलेल्या. याहून जास्त भरली तर गर्दीच्या वेळी गाड्या परत जाऊ लागतात, म्हणून ६० हीच या एकराची व्यवहारातली मर्यादा समजायची.

साठ गाड्या मिळतील का? हजारांपैकी निम्म्या तुमच्या बाजूने जातात असं धरलं तर ५०० मधल्या ६०, म्हणजे बारा टक्के. ऐकायला थोडे वाटतात, पण त्या पाचशेत बऱ्याच गाड्या अशा असतात ज्यांना कंपनीच्या स्वतःच्या आवारात जागा असते, किंवा ज्या तास-दीड तासात आत जातात. तेवढ्या वेळासाठी कोणी शंभर रुपये देत नाही. चारेक तासांहून जास्त थांबावं लागणारा आणि कंपनीच्या आवाराबाहेर राहिलेला, असाच आपला गिऱ्हाईक.

बाजू कुठली, हेही इथे फार महत्त्वाचं. मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरच्या बाजूची गाडी तुमच्याकडे येत नाही, कितीही चांगला चहा केलात तरी. हजीऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला जमीन असेल तर येणारी गाडी नंबराची वाट बघणारी असते: तास जास्त, झोप, आंघोळ, जेवण. सुरतेकडे परतणाऱ्या बाजूला असेल तर ती भरून निघालेली असते. तिला दहा-वीस मिनिटं हवी असतात. ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळायची, टायरात हवा बघायची, बिल्टी नीट ठेवायची, चहा प्यायचा आणि निघायचं. त्या बाजूला पार्किंगचं आवार काढणं चूक. तिथे हवा-पंक्चरचं दुकान, दोरी-ताडपत्री, चहा-नाश्ता, जमल्यास वजनकाटा. एकच रस्ता, पण दोन बाजूंना दोन वेगळे धंदे.

आता पैसे. गाडीमागे १०० रुपये, बारा तासांपर्यंत. साठ गाड्यांचे रोज ६,०००. महिन्याचे २६ दिवसच भरलेले धरले, कारण सणात आणि पावसाच्या मोठ्या झडीत आवार ओस पडतं. पार्किंगचे १,५६,०००. चहा, पंक्चर आणि छोटं किराणा-पान अशा तीन गाळ्यांचं भाडं मिळून २५,०००. एकूण १,८१,०००.

खर्चात चार चौकीदार, पंधरा हजारांनी ६०,०००. तिन्ही पाळ्या आणि एकाची सुट्टी धरून चारांखाली भागत नाही. ड्रायव्हर पैसे देतो ते डिझेल, बॅटरी आणि स्टेपनी सकाळी जागेवर सापडावी म्हणून, मालक झोपला असताना कोणी तरी जागं असावं म्हणून. वीज आणि पाणी २५,०००. जमिनीची डागडुजी २०,०००. झाडलोट आणि सेप्टिक टाकीचा उपसा १२,०००. मिळून १,१७,०००. हातात ६४,०००.

गाड्या साठऐवजी चाळीस आल्या तर? पार्किंगचे १,०४,००० आणि भाडं २५,०००, वजा तोच खर्च. उरले १२,०००. छत्तीस गाड्यांवर ना नफा ना तोटा, त्याखाली खिशातून. गाड्या तिसऱ्या हिश्शाने घटल्या आणि कमाई पाचव्या हिश्शावर आली, हे या धंद्याचं खरं रूप. चौकीदाराला अर्धं आवार रिकामं आहे म्हणून अर्धा पगार देता येत नाही.

आणि गाड्या घटतात कशा, तर बहुतेक वेळा तुमच्या चुकीने नाही. कारखाना वाहतूकदारांना वेळ नेमून देऊ लागतो, गाडी त्याच वेळेला येते, आणि सहा तासांची वाट दोन तासांवर येते. किंवा कंपनी स्वतःच्या जागेत ट्रकांचं आवार काढते. रस्त्यावरची वर्दळ तेवढीच दिसत राहते, हजाराचे अकराशे ट्रकही होतात, पण थांबणारे संपलेले असतात. म्हणून वर्दळीच्या आकड्यावर हा धंदा उभा करू नये. फाटकावरच्या रांगेवर करावा.

एवढी कमाई करायला आधी घालायचे किती? इथे बहुतेकांचा अंदाज पार ढासळतो, आणि ढासळतो तो जमिनीखाली. तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकी गाडीचं कायदेशीर वजन २०१८ पासून साडेअठ्ठावीस टन आहे, मोठ्या ट्रेलरचं ५५ टन. हजीऱ्याची माती खाडीकाठची, चिकण, आणि सुरतेचा पाऊस वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास. या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्या जुलैत ट्रेलर आसापर्यंत रुततो. क्रेन बोलवावी लागते आणि तिचे पैसे कोणी द्यायचे यावर भांडण होतं.

निदान अर्धा मीटर जाडीचा दाबलेला भराव हवा. ३,२०० चौरस मीटर गुणिले अर्धा म्हणजे १,६०० घनमीटर, घनमीटरला साधारण दोन टन धरून ३,२०० टन. वीस टनांच्या १६० खेपा. आणून, पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून टनाला ७०० रुपये धरले तर २२ लाख ४० हजार.

हजीऱ्यात खडीऐवजी स्लॅग वापरायची सोय आहे. त्या एक किलोमीटरच्या रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा तीस टक्क्यांनी कमी ठेवूनही तो ट्रकांचं वजन पेलतो, असं संशोधन संस्थेने नोंदवलं. पण ‘स्लॅग’ म्हणून जे मिळेल ते टाकू नये. पोलादाच्या ताज्या मळीत मोकळा चुना असतो. पाणी लागलं की तो फुगतो. भराव टाकताना दगडासारखी दिसणारी मळी वर्ष-दोन वर्षांनी फुगून वरचा काँक्रीटचा थर उचलते, शेडच्या फरशीला तडे जातात, बाथरूमचा दरवाजा चौकटीत अडकू लागतो. प्रक्रिया केलेली, धातू काढून घेतलेली आणि महिनोन्महिने उघड्यावर पाणी खाऊन मुरलेली मळीच घ्यायची, आणि शेडच्या पायाखाली तीही टाळायची.

दुसरा मोठा खर्च रस्त्यावरून आत येण्याचा आहे. राष्ट्रीय महामार्गाला लागून जमीन असली म्हणजे त्यावर उतरायचा हक्क आपोआप मिळत नाही. २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याखाली प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते आणि तिच्याबरोबर नकाशाही पाळावा लागतो. पेट्रोल पंपांसाठी मंत्रालयाने जो नमुना घालून दिला त्यात आत शिरताना वेग कमी करायला ७० मीटरची आणि बाहेर पडताना वेग घ्यायला १०० मीटरची वेगळी पट्टी होती, रुंदी साडेपाच मीटर. आपल्या आवारालाही तसंच धरून चालू. १७० गुणिले साडेपाच म्हणजे ९३५ चौरस मीटर डांबरी रस्ता. चौरस मीटरला दोन हजारांनी १८ लाख ७० हजार.

गंमत अशी की हा रस्ता तुमच्या जमिनीत नसतो. तुमचं तोंड ५० मीटरचं, पट्ट्या १७० मीटरच्या. त्या शेजाऱ्यांच्या तोंडासमोरून, सरकारी हद्दीत जातात. पैसे तुमचे, जागा सरकारची, आणि वाटेत शेजाऱ्याच्या शेताची नळी आली तर ती मोठी करून देणंही तुमच्याकडेच. जवळ चौफुली असेल, इच्छापोरसारखी गजबजलेली, तर तिच्यापासूनचं अंतर कमी पडलं म्हणून परवानगीच नाकारली जाऊ शकते. जमिनीसमोर सेवा रस्ता असेल तर मात्र हे सगळं टळतं, गाड्या सेवा रस्त्यावरून येतात. अठरा-एकोणीस लाखांचा फरक या एका गोष्टीने पडतो. हायवेला थेट लागलेली जमीन जास्त मोलाची, असं गावात सगळे म्हणतात. पार्किंगपुरतं तरी सेवा रस्त्यामागची जमीन मला बरी वाटते.

उरलेला खर्च भराभर सांगतो. शेड आणि संडास-बाथरूम ६ लाख, कुंपण आणि दिव्यांचे खांब ५ लाख, आराखडा, परवानग्या आणि चारी ३ लाख. एकूण ५५ लाख.

इथे एक नियम उलटा कामाला येतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणे उघड्या मुलखात महामार्गाच्या मध्यरेषेपासून ४० मीटरच्या आत इमारत नको आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण. रस्त्याची हद्द ६० मीटर रुंद असेल तर मध्यापासून ३० मीटरवर तुमची जमीन सुरू होते आणि पुढचे दहा मीटर बांधकामाला बाद. दुकानांची रांग काढायला निघालेल्याला हे पाचशे चौरस मीटर गेलेले वाटतात. पार्किंगवाल्याला तिथे काही बांधायचंच नसतं. येण्याजाण्याची आणि वळायची मोकळी जागा त्याला तिथेच हवी असते. चूक होते ती चहाची टपरी अगदी पुढे, रस्त्यावरून दिसावी म्हणून त्याच पट्ट्यात टाकण्यात. एक तर ती अतिक्रमण म्हणून उठते, आणि उठेपर्यंत ड्रायव्हर आत न येता रस्त्याच्या कडेलाच गाडी उभी करून चहा पितो. म्हणजे आपल्या पार्किंगचा धंदा आपल्याच टपरीने बुडवलेला. टपरी मागच्या बाजूला असावी, गाडी लावल्याशिवाय पोचता येणार नाही इतकी मागे.

रस्त्याची कडा ही या धंद्यातली खरी स्पर्धा आहे, दुसरं आवार नव्हे. ती फुकट असते. ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून क्लिनर भात टाकतो, ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून पडतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात ट्रेलरची मागची कड दिसत नाही. महामार्गाची गस्त कडेच्या गाड्या उठवत असेल तर आवार भरतं. उठवत नसेल तर शंभर रुपये कोण देणार?

शेतजमीन असेल तर आधी ती बिनशेती करावी लागते. गुजरातेत तिला ‘बिनखेती’ म्हणतात, जमीन महसूल कायद्याच्या कलम ६५ खाली. उताऱ्यावर ‘नवी शरत’ लिहिलेली असेल तर त्याआधी शर्त काढायला सरकारला प्रीमियम भरावा लागतो आणि तो रकमेने मोठा असू शकतो. ५५ लाखांत तो मी धरलेला नाही. मामलतदार कचेरीत जायच्या आधी हा एक शब्द उताऱ्यावर बघून घ्या.

खाटा टाकाव्यात का, हा प्रश्न हमखास येतो. सरकारी तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाच्या विश्रामाच्या जागा काढल्या आहेत. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला अशा ३६८ ठिकाणी ४,६११ खाटा होत्या, म्हणजे एका ठिकाणी सरासरी साडेबारा. मोठं भांडवल पाठीशी असणाऱ्यांनीही खाटा एवढ्याच ठेवल्या आहेत. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. नव्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून डासांत कशाला झोपेल? शिवाय गाडी सोडून लांब झोपायला कुठलाच ड्रायव्हर राजी नसतो. मी एकही खाट टाकणार नाही. आंघोळीच्या मोऱ्या मात्र टाकेन, चारऐवजी सहा.

पाण्याचा हिशेब त्यासाठी आधीच करायला हवा. पन्नास आंघोळी तीस लिटरने १,५००, संडासाचे १,०००, चहा-भांडी आणि पिण्याचे ५००. रोज ३,००० लिटर. किनाऱ्यालगत बोअरचं पाणी खारं लागतं, त्यात साबणाला फेस येत नाही आणि चहा फाटतो. दहा हजार लिटरचा टँकर दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, महिन्याला दहा. हजार रुपयांनी दहा हजार, जे वर वीज-पाण्याच्या पंचवीस हजारांत आलेच. आलेलं पाणी जायलाही हवं. पावसाळ्यात इथे जमिनीतली पाण्याची पातळी वर येते आणि शोषखड्डा पाणी शोषायचं सोडून परत द्यायला लागतो. ऑगस्टमध्ये बाथरूमच्या जाळीतून वर येणारं पाणी दिसलं की समजावं, खड्डा पाण्याने भरला आहे. बंद टाकी आणि नियमित उपसा, एवढाच त्यावर इलाज.

हजीऱ्यापुरती एक सावधगिरी वेगळी सांगायला हवी. इथे टँकर पुष्कळ. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर एक पाटी असते आणि तिच्यावर चार आकडी क्रमांक: १०७५ म्हणजे एलपीजी, १९७२ म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, १००५ म्हणजे अमोनिया. फाटकावरच्या चौकीदाराला गुजराती, हिंदी वाचता आलं नाही तरी हे तीन क्रमांक ओळखता आले पाहिजेत. असा टँकर आत घ्यायचा नाही. चहाची भट्टी, ट्रेलरखालचे स्टोव्ह आणि वायूचा टँकर एका कुंपणात ठेवून शंभर रुपये मिळवण्यात काही शहाणपण नाही, आणि त्या टँकरांनी कुठे थांबायचं याचे नियम वेगळे आहेत.

आता ५५ लाख आणि महिन्याचे ६४,००० समोरासमोर ठेवू. सगळं सुरळीत, रोज साठ गाड्या, तर पैसे फिटायला ८६ महिने, सात वर्षांहून जास्त. तेच ५५ लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर झोपून महिन्याला २९,८०० येतात. म्हणजे जमिनीची, रात्रीच्या जागरणाची, पोलीस-पंचायत-परवान्यांच्या खेपांची किंमत महिन्याला ३४,२००. सेवा रस्ता असेल तर भांडवल ३६ लाख ४० हजारांवर येतं, पैसे पावणेपाच वर्षांत फिटतात आणि बँकेचं व्याज वजा जाता ४४,३०० उरतात. तिथे गोष्ट जरा विचार करण्याजोगी होते.

कराचंही एक कुंपण आहे. पार्किंगचे वर्षाला १८ लाख ७२ हजार, गाळ्यांचं भाडं ३ लाख, एकूण २१ लाख ७२ हजार. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी २० लाखांवर लागते. पार्किंग एकट्याने आत राहतं, गाळे धरले की बाहेर पडतं. मग शंभर रुपयांच्या पावतीत कर बसवायचा की ड्रायव्हरकडून ११८ मागायचे? सुटे अठरा रुपये रात्री दोन वाजता कोणी देत नाही, असा माझा अंदाज आहे. कर मालकाच्याच अंगावर पडतो. शंभरात कर धरला तर पंधरा रुपये पंचवीस पैसे गेले आणि साठ गाड्यांचं आवार ५१ गाड्यांसारखं कमवू लागलं.

म्हणून माझा कौल असा. एकरभर जमीन, थेट हायवेवर, घरचं माणूस तिथे राहणारं नाही, तर स्वतः आवार काढू नका. एखाद्या वाहतूकदाराला किंवा कंपनीच्या ठेकेदाराला भाडेपट्ट्याने द्या, भराव त्याने घालायचा या अटीवर. महिन्याला ३५ हजारांच्या वर जे मिळेल ते बँकेचं व्याज वजा जाता तुमच्या स्वतःच्या आवारातून उरणाऱ्या कमाईहून जास्त आहे, आणि ५५ लाख खिशात राहिले ते वेगळेच. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: कुठली मळी टाकणार ती, आणि मुदत संपल्यावर भराव उचलायचा की ठेवायचा ते. सेवा रस्ता आहे, हजीऱ्याकडे जाणारी बाजू आहे आणि घरातला एक जण रात्री जागायला तयार आहे, अशा तिन्ही गोष्टी असतील तरच स्वतः उतरा.

आणि उतरायच्या आधी तीन दिवस मोजा. एक आठवड्याच्या मधला, एक रविवार, एक महिनाअखेरचा, कारण महिना संपताना कारखान्यांतून माल निघायची घाई असते. जाणाऱ्या गाड्या मोजू नका. दर तासाला, चोवीस तास, तुमच्या जमिनीच्या पाचशे मीटर पुढे-मागे तुमच्याच बाजूला किती गाड्या उभ्या आहेत ते वहीत लिहा, आणि त्यातल्या दहा-बारांच्या ड्रायव्हरांना विचारा, कधीपासून थांबला आहात. चोवीस आकड्यांची सरासरी पंधराच्या पुढे जात असेल तर पुढचा कागद काढा. आठ-नऊवर अडकत असेल, तर त्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे वळल्या तरी आवार छत्तीस गाड्यांच्या आसपासच चालेल. म्हणजे ५५ लाख घालून ना नफा ना तोटा.